दोनशे सतरा टीएमसीचं काय करायचं?

नांदेड-लातूरच्या कॉलेजांमध्ये वादविवाद स्पर्धेचं टिपण कसं तयार होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. विषय जाहीर होतो. कुणीतरी ग्रुपवर एक पीपीटी टाकतं, एखाद्या चर्चासत्रातली किंवा कार्यशाळेतली. मग कागदावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘बाजूने’, उजवीकडे ‘विरोधात’. पीपीटीतले बुलेट एकेक करून दोन्ही रकान्यांत वाटले जातात, सुरुवातीला चार ओळींची शेरोशायरी, शेवटी बळीराजाला वंदन. झालं टिपण.

माझं म्हणणं असं की हे टिपणच नव्हे. ही पीपीटीची नक्कल आहे आणि तिच्यातून निघणारी दोन्ही भाषणं खोटी असतात, कारण पीपीटी तटस्थ नसते. ती कुणीतरी काहीतरी पटवण्यासाठी केलेली असते. तिचे बुलेट दोन रकान्यांत वाटले की एका बाजूला मूळ लेखकाचं म्हणणं येतं आणि दुसऱ्या बाजूला त्याने तोंडदेखले म्हणून टाकलेले चार आक्षेप. विरोधी पक्ष हरण्यासाठीच उभा केलेला असतो.

एक विषय घेऊ, आपल्याच भागातला. ‘मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालावी.’ २०१९ साली औरंगाबादचे तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी राज्य सरकारला अहवाल पाठवून नेमकी हीच शिफारस केली होती. त्यातला एक आकडा बातम्यांत गाजला आणि तिथून पीपीट्यांमध्ये गेला: मराठवाड्यातला ऊस वर्षाला २१७ टीएमसी पाणी पितो, जायकवाडीच्या दुप्पट.

बाजूने बोलणारा हा आकडा मोठ्याने वाचतो, टाळ्या घेतो. विरोधात बोलणारा म्हणतो, ‘आकड्यांनी पोट भरत नाही, अध्यक्ष महोदय!’ त्यालाही टाळ्या. आकड्याला मात्र कुणीच हात लावत नाही.

तो लावू. अहवालात हेक्टरी गरज १९६.७८ लाख लिटर धरली होती आणि क्षेत्र ३.१३ लाख हेक्टर. गुणाकार केला की २१७ टीएमसी येतात, म्हणजे हिशेब बरोबर आहे. आता १९६.७८ लाख लिटर एका हेक्टरवर पसरून बघा. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. पाणी उभं राहील जवळजवळ दोन मीटर, उंच माणसाच्या डोक्यावरून. इथे पहिला प्रश्न तयार होतो, जो पीपीटीत नव्हता: हे दोन मीटर पावसासकट की पाऊस सोडून? लातूरला वर्षाला साधारण पाऊण मीटर पाऊस पडतो आणि ऊस बारा महिने रानात उभा असतो, म्हणजे एक अख्खा पावसाळा त्याच्या अंगावर जातो. गरज पावसासकट मोजली असेल, तर २१७ टीएमसी सगळं धरणातून आणि बोअरमधून उपसलेलं नाही. मग जायकवाडीशी तुलना चुकते, कारण एकीकडे पिकाची एकूण तहान आहे आणि दुसरीकडे धरणात साठणारं पाणी.

दुसरा प्रश्न: ऊस काढला तर रान मोकळं राहणार आहे का? तिथे सोयाबीन येणार, त्यामागे हरभरा. सोयाबीनला साधारण अर्धा मीटर पाणी लागतं, हरभऱ्याला त्याच्या जवळपास निम्मं. दोन्ही मिळून पाऊण ते पाऊणेक मीटरच्या थोडं वर धरा. म्हणजे बचत दोन मीटरची नव्हे, सव्वा मीटरच्या आतबाहेर.

इथपर्यंत आलेला विद्यार्थी घाबरतो. ‘आपलाच मुद्दा कापला गेला की!’ उलट आहे. दोनशे सतरातले चाळीस टक्के स्वतःहून सोडून द्या. उरतात १३० टीएमसीच्या आसपास. जायकवाडीचा एकूण साठा १०२-१०३ टीएमसी. म्हणजे विरोधकाचा आक्षेप मान्य करूनही बचत अख्ख्या जायकवाडीपेक्षा मोठी राहते. आता या मुद्द्याला समोरचा पाडू शकत नाही, कारण त्याने जे काढायचं होतं ते तुम्हीच काढून ठेवलं आहे. पीपीटीतला आकडा जसाच्या तसा वाचणाऱ्याकडे ही ताकद कधीच येणार नाही.

आता विरोधाचा रकाना. तो तितक्याच मेहनतीने लिहायचा, आणि ‘शेतकऱ्यांवर अन्याय’ या दोन शब्दांवर थांबायचं नाही. सुरुवात नकाशापासून करा. विषयात ‘मराठवाडा’ लिहिलंय, पण पाणी मराठवाड्यात राहत नाही, ते खोऱ्यात राहतं. नांदेड गोदावरीवर, विष्णुपुरी प्रकल्पाच्या खालच्या अंगाला. लातूर शहराला पाणी येतं मांजरा धरणातून, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या धनेगावहून. मांजरा गोदावरीला मिळते ती नांदेडच्याही पुढे, तेलंगणाच्या हद्दीवर. म्हणजे नांदेडच्या पट्ट्यातला ऊस उद्या सगळा मोडला तरी त्यातला एक थेंब आपोआप लातूरच्या नळाला येणार नाही. लातूरच्या नळाशी भांडण आहे ते मांजरा धरणाच्या वरच्या आणि लाभक्षेत्रातल्या उसाचं. मग बंदी अख्ख्या विभागावर का?

आणि २०१६ची रेल्वे. एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. बाजूने बोलणारा तिचा फोटो दाखवतोच. एक हेक्टर ऊस म्हणजे त्या पहिल्या गाडीसारख्या एकोणचाळीस गाड्या, हा हिशेबही खरा आहे. पण विरोधकाने विचारावं: गाडी कुठून आली? सांगली जिल्ह्यातून, जो स्वतः उसाचा जिल्हा आहे. तिथे ऊसही आहे आणि द्यायला पाणीही होतं. मग फरक पिकाचा की पावसाचा, धरणांचा आणि कृष्णेचा? बाजूच्या पक्षाकडे याला उत्तर आहे: ज्या खोऱ्यात पाणी आहे तिथे ऊस घ्या, आमचा विषयच तुटीच्या खोऱ्याचा आहे. हे उत्तर आलं की वादविवाद सुरू झाला. त्याआधी फक्त दोन भाषणं होती.

पीपीटीत ‘पर्यायी पिके’ नावाची एक स्लाइड असतेच. सोयाबीन, तूर, हरभरा आणि बाजूला हिरवा बाण. ही सगळ्यात कच्ची स्लाइड आणि विरोधाचा सगळ्यात पक्का मुद्दा तिथेच आहे. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी तो जेवताना बोलला जातो, पण टिपणात येत नाही. उसाला एफआरपी आहे. ती कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत. कारखाने थकवतात हे खरं, पण थकवलं तर साखर आयुक्त वसुलीचा आदेश काढू शकतात. सोयाबीनचा हमीभाव आडतीवरच्या व्यापाऱ्यावर असा बंधनकारक नाही. सरकारी केंद्राने माल घेतला तर मिळाला. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि सुगीच्या दिवसांत लातूरच्या बाजारात भाव त्याच्या खालीच होता. लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ, तिथे ही गत. शेतकरी उसावर प्रेम करतो म्हणून ऊस लावत नाही. ज्याचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं आहे असं ते जवळपास एकच पीक आहे.

हा मुद्दा नीट लिहिला की बाजूच्या पक्षाला नुसती बंदी मागता येत नाही. बंदीबरोबर सोयाबीन-तुरीच्या खरेदीची हमी मागावी लागते आणि तिचा खर्च कोण देणार तेही सांगावं लागतं. म्हणजे विरोधाच्या चांगल्या टिपणाने बाजूचा प्रस्ताव सुधारला. वादविवादाचं काम हेच आहे.

राहिला ‘बंदी’ हा शब्द. दहातले नऊ जण त्याची व्याख्याच करत नाहीत. लागवडीवर बंदी, की नव्या कारखान्यांच्या परवान्यांवर, की कालव्याच्या पाण्यावर ऊस घेण्यावर? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५च्या कायद्यातच तरतूद आहे, की सरकारने अधिसूचित केलेल्या तारखेपासून लाभक्षेत्रात ठिबक किंवा तुषार नसेल तर बारमाही पीक घेता येणार नाही. म्हणजे अर्धी बंदी कागदावर आहेच. विरोधक इथे जिंकू शकतो: ‘आहे तो कायदा आधी वापरा.’ आणि बाजूचा पलटवार असा: ठिबकने वाचलेलं पाणी शेतकरी नदीला परत देत नाही, त्यावर आणखी एकर ऊस लावतो. क्षेत्रावर मर्यादा नसेल तर ठिबकने खोऱ्यातलं पाणी वाचत नाही.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. ‘सर, बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात. परीक्षकांना आवेश लागतो, खोरं कुणाला कळतं?’ खरं आहे, अनेक परीक्षक आवेशालाच गुण देतात आणि त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा. पण वर मोजून पाहा: हिशेब, नकाशा, भाव, व्याख्या. चार मुद्दे, प्रत्येकी दीड मिनिट. सात मिनिटांत बसतात. बसत नाही ती शायरी.

म्हणून टिपणाचा कागद असा हवा. रकाने दोन नकोत, चार हवेत: आमचा मुद्दा, त्यावर समोरचा काय म्हणेल, त्यातलं आम्ही काय मान्य करतो, आणि मान्य करूनही काय उरतं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो मुद्दा फेकून द्या, पीपीटीत कितीही ठळक अक्षरांत असला तरी. आणि एक सोपी कसोटी: ज्याच्या रानात ऊस आहे आणि ज्याच्या नळाला महिन्यातून मोजक्या वेळा पाणी येतं, अशा दोघांना तुमचं टिपण वाचायला द्या. दोघांनाही आपली बाजू त्यात ओळखू आली पाहिजे.

नांदेड-लातूरमध्ये हे दोघं शोधायला लांब जावं लागत नाही. पुष्कळदा ते एकाच घरात असतात, एक गावी, एक शहरात भाड्याच्या खोलीत. उद्या ऊसबंदीची किंवा पाणीवाटपाची बैठक लागेल तेव्हा तिथेही कुणीतरी हीच पीपीटी लावणार आहे. ‘हे पाणी पावसासकट मोजलंय का?’ असं विचारणारा त्या खोलीत एक जण असेल, की सगळेच टाळ्या वाजवणारे असतील, ते आज कागदावर किती रकाने आखले जातात त्यावर ठरतं.