मुलाखतीआधीची दुआ

अकोल्याहून अमरावतीला पहिल्या मुलाखतीसाठी निघालेल्या माझ्या भाच्यानं विचारलं, "मामू, तिथं बसून कोणती दुआ म्हणू? शेजारी सगळे वेगवेगळे असतील." मुसलमान घरांत अशा वेळी हजरत मूसांची दुआ सांगतात. कुरआनच्या विसाव्या सूरेत, ताहामध्ये, ती आहे. फिरऔनसमोर जायचा हुकूम झाल्यावर मूसा छाती मोकळी होण्याची, काम सोपं होण्याची आणि जिभेची गाठ सुटण्याची मागणी करतात. लोकांना आपलं बोलणं समजावं, हा त्यामागचा हेतू. बायबलमध्येही मूसा जड जिभेचेच आहेत. मला या दुआत एक गोष्ट फार आवडते. समोरच्याचा पराभव त्यात मागितलेला नाही.

आमच्या वऱ्हाडात सगळ्यांनी मिळून प्रार्थना करण्याची सवय जुनी आहे. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना रुजवली. १९६८ साली ते गेले. आजही पुण्यतिथीला तिथं हजारो माणसं एकाच वेळी मौन पाळतात. मौनात कोण कोणाचं नाव घेतो, हे शेजाऱ्याला कळत नाही, कळायची गरजही नसते.

म्हणून भाच्याला मी मूसांच्या मागण्या साध्या मराठीत करून दिल्या, नावाची जागा मोकळी ठेवून:

"माझा श्वास शांत होऊ दे. मला जे येतं ते सांगताना जीभ अडखळू नये. जे येत नाही, ते येत नाही म्हणायची हिंमत राहू दे. समोरच्यांना माझं म्हणणं कळू दे. बाहेर बाकावर बसलेल्यांचंही भलं होवो. हो म्हणोत की नाही, संध्याकाळी मला ताठ मानेनं घरी जाऊ दे."

"नोकरी दे" हे त्यात मुद्दाम नाही. जागा एक आणि बाकावर दहा पोरं. शिवाय नोकरी मागत आत गेलं की प्रत्येक प्रश्न निकालासारखा वाटतो आणि आवाज चढतो किंवा बसतो. भाच्याला आपल्या नावाचीही धास्ती होती. नाव वाचून कोणाच्या कपाळावर आठी पडली तर? ती आठी दुआनं जाईलच, असं मी त्याला सांगितलं नाही. पण आठीकडे बघत बसलं की विचारलेला प्रश्न निसटतो, एवढं सांगितलं.

दुआ म्हणायची ती हाक येण्याच्या दहा मिनिटं आधी, ओठ न हलवता, एका वाक्याला एक लांब उच्छ्वास. दारात उभं राहून घाईनं म्हटली तर धाप तशीच राहते. आदल्या रात्री चारदा म्हणून पाहावी. जे वाक्य घशात अडकेल ते आपल्या बोलीत बदलून घ्यावं. भाच्यानं "अडखळू नये" काढून "अटकू नये" केलं. मूर्तिजापूर ते बडनेरा तो तेच घोकत होता म्हणे.