एका आवाहनपत्राचा हिशेब

मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी साहाय्य मागणारी आवाहने आता दूरध्वनीच्या पडद्यावर रोज येऊन आदळतात. नळ्यांनी वेढलेल्या अर्भकाचे छायाचित्र, त्याखाली लाल अक्षरांत ‘केवळ २४ तास उरले’ अशी ललकारी, आणि शेवटी बँकेच्या खात्याचा क्रमांक. हे पाहून सुशिक्षित मध्यमवर्गीय मनुष्याची प्रतिक्रिया बहुधा दोनच प्रकारची असते : तो पाचशे रुपये पाठवून विसरतो, अथवा सारेच थोतांड समजून बोट पुढे सरकवतो. आमच्याकडे नुकतेच आलेले एक हस्तलिखित पत्र या दोन्ही प्रकारांत बसत नाही. त्यातील व्यक्तींची ओळख पटेल असा तपशील आम्ही देणार नाही. परंतु ते पत्र ज्या रीतीने लिहिले आहे, ती रीत विचारात घेण्याजोगी आहे.

मुलगी अकरा महिन्यांची आहे. जन्मानंतर काही आठवड्यांतच तिच्या यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नलिका बंद झाली. असे झाले म्हणजे पित्त यकृतातच साचते आणि यकृत हळूहळू निबर होत जाते. या विकाराची खूण घरातल्या माणसाला दिसण्यासारखी असते. कावीळ दोन आठवडे उलटूनही ओसरत नाही, आणि शौचाचा रंग पिवळा न राहता खडूसारखा फिकट होतो. साठ दिवसांच्या आत निदान झाले तर जपानी शल्यविशारद कासाई यांच्या पद्धतीची शस्त्रक्रिया करून आतड्याचा एक वेढा थेट यकृताला जोडता येतो, आणि यशाची शक्यता बरी असते. या मुलीची ती शस्त्रक्रिया १०४ व्या दिवशी झाली आणि ती सफल झाली नाही. पत्रात याविषयी एवढेच आहे : “शौचाचा रंग सहाव्या आठवड्यात पांढुरका झाला होता. तो काविळीचाच भाग आहे असे आम्हांस सांगण्यात आले व आम्ही थांबलो.” कोणी सांगितले, त्याचे नाव नाही. दोष कोणावर ढकललेला नाही आणि स्वतःला मोकळेही करून घेतलेले नाही.

आता उपाय यकृत-प्रत्यारोपणाचा. आई स्वतःच्या यकृताचा डावीकडील सुमारे पंचमांश भाग देणार आहे. रक्तगट जुळला आहे, तपासण्या पूर्ण झाल्या आहेत. दाता कोण हे पत्रात स्पष्ट लिहिले आहे, ही गोष्ट लहान नव्हे. अवयवाची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. म्हणून प्रत्यारोपणासाठी लाखो रुपये मागणाऱ्या पत्रात दात्याविषयी मौन असेल, तर वाचकाने अवश्य प्रश्न विचारावा. ‘चोवीस तासां’चेही तसेच. जिवंत दात्याच्या तपासण्यांना व अनुमतीला दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. यकृत एकाएकी निकामी होण्याचे प्रसंग असतात खरे. परंतु या विकारात शस्त्रक्रियेचा दिवस आखून ठरवलेला असतो. या पत्रात तसा दिवस दिलेला आहे आणि तो पाच आठवड्यांनंतरचा आहे.

रुग्णालयाचे अंदाजपत्रक १८ लाखांचे आहे. त्यावर दिनांक आहे, रुग्णाचा नोंदणी-क्रमांक आहे, आई व मूल या दोघांच्याही शस्त्रक्रियांचा व वास्तव्याचा खर्च निराळा दाखविला आहे. यापुढे पत्रलेखकाने जे केले ते आम्ही फार थोड्या आवाहनांत पाहिले आहे. त्याने प्रथम स्वतःचा हिशेब मांडला : साठवणीतले १ लाख ४० हजार, दागिने गहाण ठेवून २ लाख १० हजार, कारखान्याकडून उचल ५० हजार, म्हणजे घरचे ४ लाख. आप्तांनी दीड लाख दिले आहेत. दोन धर्मादाय संस्थांनी मिळून अडीच लाखांचे लेखी आश्वासन दिले आहे. उरले १० लाख, आणि मागणी तेवढ्याचीच आहे.

येथे काही वाचक विचारतील, की शासन काय करते? प्रश्न रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून कुटुंबामागे पाच लाखांवर नेण्यात आली, आणि यकृत-प्रत्यारोपणासारख्या त्याहून महागड्या उपचारांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. निर्णय स्तुत्य आहे. तथापि योजना ही रुग्णालयाच्या मार्फत मिळते. अर्भकाचे प्रत्यारोपण करू शकणारी रुग्णालये मोजकी, आणि जेथे खाट व शल्यविशारद मिळतो ते रुग्णालय योजनेत असेलच असे नाही. धर्मादाय रुग्णालयांवर निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखून ठेवण्याचे बंधन आहे; परंतु कारखान्यात महिना ३१ हजार मिळविणारा गृहस्थ उत्पन्नाच्या दाखल्यावर त्या व्याख्येच्या पुढे सरकतो. मदतीच्या पायरीहून वर आणि अठरा लाखांच्या पुष्कळ खाली, अशी ही जागा आहे, आणि लोकांकडे हात पसरण्याची पाळी नेमकी तेथे येते. पत्रलेखकाने कोठे अर्ज केले व कोणते नाकारले गेले, ते दिनांकांसह लिहिले आहे.

एका ठिकाणी मात्र हे पत्र आम्हांस खटकते. शस्त्रक्रियेनंतर शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून औषधे जन्मभर घ्यावी लागतात, आणि रक्तातील त्यांचे प्रमाण वारंवार तपासावे लागते. पहिल्या वर्षी याचा खर्च महिना सुमारे १२ हजार येईल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. “तो आम्ही आमच्या पगारातून भागवू,” असे पत्र म्हणते. एकतीस हजारांतून बारा हजार गेले, आठ हजार घरभाडे गेले, गहाणाचे व्याज गेले, की मागे नऊ हजारांच्या आसपास उरतात. आणि शिवणकाम करून भर घालणारी आई दोन-तीन महिने यंत्रावर बसू शकणार नाही. स्वाभिमान आम्हांस कळतो. परंतु औषधात खंड पडला तर अठरा लाखांचे यकृत काही आठवड्यांत गमावण्याचा धोका असतो. वर्षाचे हे १ लाख ४४ हजार मागणीत मिळवून ती ११ लाख ४४ हजारांची करावी, असे आम्ही त्या कुटुंबास कळविले आहे. येथे कमी मागणे हे अधिक खरे नव्हे.

पत्रासोबत छायाचित्र नाही. मागे एका संकेतस्थळाने रडत्या मुलीचे चित्र दिल्यास रक्कम लवकर जमेल असे सुचविले, ते या दांपत्याने नाकारले. “ती मोठी झाल्यावर ते पाहील,” एवढेच कारण दिले आहे. अनुभवी केंद्रांत अशी दहापैकी नऊ मुले वर्षानंतरही हयात असतात. तेव्हा ती मोठी होऊन ते पाहील, ही गोष्ट केवळ भावनेची राहत नाही. जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेने २०२२ मध्ये धर्मादाय आवाहनांसाठी मार्गदर्शक नियम केले. पीडितांची विदारक चित्रे दाखवू नयेत, मदत न करणाऱ्यास लाजवू नये, असे त्यांत आहे. त्यांचे पालन किती होते, हे वाचक आपल्या दूरध्वनीवर पाहतच आहेत. काही संकेतस्थळे देणगीच्या जोडीने स्वतःसाठी ‘टीप’ही मागतात आणि तिचा आकडा आधीच भरून ठेवतात; तो दात्यास बदलता येतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या पत्रात बँकेचे खाते पित्याचे नाही, रुग्णालयाचे आहे. धनादेशाच्या मागे मुलीचा नोंदणी-क्रमांक लिहावा, आणि शंका असल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारावे, अशी विनंती आहे. आम्ही विचारले, आकडे जुळले. व्यक्तीसाठी दिलेल्या अशा रकमेवर दात्यास आयकरात सवलत मिळत नाही, हेही पित्याने लिहून टाकले आहे. दहा लाखांहून अधिक जमल्यास उरलेली रक्कम त्याच विभागातील अन्य बालकाच्या खात्यात वळवावी, असे संमतिपत्र त्याने आधीच देऊन ठेवले आहे. औषधांविषयीच्या आमच्या सूचनेवर त्याचे उत्तर आले असून, वाढीव १ लाख ४४ हजार निराळ्या खात्यात राहावेत व ते औषधांच्या पावतीवरच मिळावेत, ही व्यवस्था रुग्णालयाने मान्य केली तरच तो मागणी वाढवील, असे त्याने कळविले आहे.