‘यशस्वीरीत्या’ बोलणं थांबवा!

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण इथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि बऱ्याच जणांच्या स्वयंपाकघरात एक बोलका डबा आहे. त्याला मराठी शिकवण्याची हौसही अनेकांना आहे. कुणी आईबाबांसाठी औषधांची आठवण लावतं, कुणी नोकरीचा भाग म्हणून मराठी उत्तरं लिहितं. ही उत्तरं मी गेली काही वर्षं लिहिते आणि तपासते. आज मात्र मला भांडायचं आहे. आपण जी मराठी त्या डब्याच्या तोंडी घालतो, ती डोळ्यांसाठी लिहिलेली असते. कानांना तिचा उपयोग नाही.

घरचीच गोष्ट सांगते. आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली होती. थायरॉईडची गोळी तिला सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. तिने डब्याला आठवण लावायला सांगितली. नेमकं तेव्हा कुठेतरी काहीतरी अडलं होतं. उत्तर आलं: “थायरॉईडच्या गोळीसाठी सकाळी ७ वाजून ४५ मिनिटांचे स्मरणपत्र तांत्रिक अडचणीमुळे निर्धारित करता आले नाही.” नळ चालू होता. आईने “थायरॉईड”, “सकाळी”, “स्मरणपत्र” एवढं ऐकलं आणि काम झालं असं समजून भांडी विसळत राहिली. दोन दिवस गोळी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मलाच विचारलं, “अगं, तुझा डबा बोलत का नाही?”

दोष आईच्या कानांचा नव्हता, वाक्याचा होता. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. म्हणजे वाक्याचा अर्थ उलटवणारा शब्द सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. कागदावर डोळा मागे नेता येतो. ऐकताना मागे जाता येत नाही. आपण माणसं हे जाणतो, म्हणून घरात कुणी असं बोलत नाही. “नाही जमलं गं, इंटरनेट बंद आहे,” असं आपण नकार पुढे ओढून सांगतो. डब्यानेही तसंच म्हणावं: “नाही जमलं. इंटरनेट बंद आहे. गोळीची आठवण होणार नाही.” तीन तुकडे, नकार दोनदा, एकदा आरंभी आणि एकदा शेवटी. एक हुकला तरी दुसरा पोचतो.

आता कुणी म्हणेल, मग सगळंच छोटं करा, “झालं” म्हणा आणि गप्प बसा. मला हेही मान्य नाही. समजा आईने बुधवारी सांगितलं, “परवा पावणेआठला आठवण कर.” डब्याने “झालं” म्हटलं, तर त्याने ‘परवा’ ऐकलं की ‘उद्या’, ‘पावणेआठ’ ऐकलं की ‘आठ’, हे आईला कसं कळणार? जे चुकीचं ऐकलं जाऊ शकतं, ते उत्तरात परत उच्चारलं गेलंच पाहिजे. जे चुकू शकत नाही, ते गाळा. ‘तुमच्या विनंतीनुसार’ गाळा, ‘यशस्वीरीत्या’ तर आधी गाळा. माझ्या मते लांबी ठरवायचा हाच नियम आहे, शब्द मोजणं नव्हे.

पण परत उच्चारायचं म्हणजे पोपटपंची करायची नाही. ‘परवा’ हा शब्द आपल्याकडे मागेही जातो आणि पुढेही. “परवा आलो”, “परवा येईन”. दिशा क्रियापद सांगतं. आखूड करण्याच्या नादात क्रियापद कापलंत आणि “परवा, डॉक्टरांची अपॉइंटमेंट” एवढंच ठेवलंत, तर ती झाली की व्हायची आहे, हे कळत नाही. म्हणून वार सांगा. बुधवारी मागितलेल्या ‘परवा’चं उत्तर असं होईल: “शुक्रवारी सकाळी पावणेआठला गोळीची आठवण करीन.” एका श्वासात बसतं. वार, वेळ, काम, तिन्ही तपासता येतात. ‘करीन’मुळे डबा बाई की बुवा हा प्रश्नही उरत नाही, ‘करते’ किंवा ‘करतो’ म्हटलं की तो उभा राहतोच.

यात शब्दांचा क्रमही मुद्दाम ठेवला आहे. डबा बोलू लागला की पहिला शब्द बहुधा वाया जातो, कारण आपण तेव्हा कुठे कान देतो. वाक्य “पावणेआठला…” असं सुरू झालं आणि ‘पावणे’ हुकलं, तर आईला आठ ऐकू येईल. म्हणून वेळेच्या आधी वार आणि ‘सकाळी’. शिवाय वेळ अक्षरांत लिहा. ‘७:४५’ लिहिलंत तर ते कसं वाचायचं हे यंत्र ठरवणार, आणि “सात वाजून पंचेचाळीस मिनिटे” हे आपल्या घरात कुणी म्हणत नाही.

इथे दुसरा वाद येतो. आपली इथे वाढलेली मुलं ‘पावणे’ आणि ‘एकोणसत्तर’ ऐकून गोंधळतात. तेव्हा आकडे सोपे करा, असं काही जण म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी संख्यानामं आली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. तो वाद शाळेचा आहे. डबा मास्तर नाही. त्याने ऐकणाऱ्याला लागेल तेवढंच सांगावं. बाहेरचं तापमान एकोणसाठ फॅरनहाइट असेल, तर कुणी ‘एकोणसत्तर’ ऐकून स्वेटर घरी ठेवायला नको. “साठच्या आसपास, स्वेटर लागेल” म्हटलं की पुरे. आईला मात्र ‘पावणेआठ’च द्या. तिने तोच शब्द वापरला होता, तोच तिला एका फटक्यात कळतो. मुलाने “सेव्हन फोर्टीफाइव्हला उठव” म्हटलं, तर त्याला “सात पंचेचाळीस”. ऐकणाऱ्याचा शब्द वापरा, पण त्याचे दोन अर्थ होत असतील तिथे बदला.

प्रश्न विचारायचा असेल, तर तो शेवटी ठेवा आणि तिथेच थांबा. “सकाळी की संध्याकाळी? तुम्ही नंतर केव्हाही बदलू शकता,” असं म्हटलंत, की आई पहिल्या वाक्यानंतर उत्तर देते आणि डबा अजून बोलतच असतो. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं.

अशी उत्तरं औपचारिक वाटत नाहीत, मराठीचा मान राहत नाही, अशी तक्रार मी ऐकते. ‘स्मरणपत्र निर्धारित करण्यात आले आहे’ हा मान कुणाचा, सरकारी परिपत्रकाचा? तुमच्या आईशी तुम्ही असं बोललात, तर ती आधी तुमचा ताप बघेल. आदर ‘तुम्ही’त येतो, तो ठेवा. बाकीचं ओझं उतरवा.

पुढचं उत्तर लिहाल तेव्हा एक करा. चिमणी आणि नळ चालू ठेवा, वाक्य एकदाच मोठ्याने वाचा, आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्या घरच्या माणसाला विचारा, “काय ठरलं, कधीचं?” त्यांनी दिवस, वेळ आणि झालं की नाही हे बरोबर सांगितलं, तर वाक्य ठेवा. “काय म्हणाला?” असं विचारलं, तर आवाज वाढवू नका, वाक्य खोडा.