चीजमधील रेनेट : गोठवणे आणि पिकवणे

मुदखेडचा विद्यार्थी उदगीरच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयात शिकू लागला की चीजचा प्रश्न त्याच्यासमोर येतोच : लिंबानेही दूध फाटते, मग चेडरला रेनेट कशाला?

लिंबाच्या आम्लाने तापलेले दूध क्षणात फाटते आणि पनीर मिळते. रेनेटची रीत निराळी आहे. दुधातील केसीनच्या सूक्ष्म कणांवर कॅपा-केसीनचे आवरण असते. त्यामुळे ते कण परस्परांना चिकटत नाहीत. विरजण लावलेल्या सुमारे ३१ अंशांच्या दुधात रेनेट हे आवरण कापते आणि अर्ध्या-पाऊण तासात दूध दह्यासारखे गोठते. सुरी घालून हलकेच उचलावी. चीर स्वच्छ पडून तीत निवळ, हिरवट पाणी दिसले, तर दही कापण्यास योग्य झाले. पाणी दुधाळ असेल, तर घाई झाली. स्निग्धांश वाया जाईल.

रेनेटचे काम येथे संपत नाही. त्याचा काही अंश चीजमध्ये उरतो आणि थंड कोठीत महिनोन् महिने प्रथिने तोडून चव घडवतो. परंपरेने हे रेनेट दूधपित्या वासराला मारून त्याच्या जठरातून काढत. त्यातील कायमोसिन संयमाने कापते. बुरशीजन्य रेनेट शाकाहारी खरे, परंतु ते अधिक ठिकाणी कापत असल्याने दीर्घकाळ पिकवलेले चीज कडवट होऊ शकते.

तिसरा मार्ग अमेरिकेने १९९० मध्ये मान्य केला : वासराचे जनुक सूक्ष्मजीवात घालून कायमोसिनच बनवणे. यासाठी वासरू मारावे लागत नाही. मात्र जनुकाचे मूळ प्राण्याचे आहे. ते स्वीकारावे की नाही, हे प्रत्येक घराने ठरवावे.