आंब्याच्या पेटीवरील पाच ओळी

आम्ही धान्याचे व्यापारी. तूर किंवा ज्वारी पाच दिवस मागेपुढे आली तर तिच्या भावात विशेष फरक पडत नाही. आंब्याचे तसे नाही. झाडावरून उतरल्या क्षणापासून त्याचा प्रत्येक दिवस हिशेबात धरावा लागतो. गड्डीअन्नारमचा फळबाजार शहराबाहेर बाटासिंगारमला गेल्यापासून आपली पुष्कळ कुटुंबे प्रत्यक्ष माल न पाहता मोबाईलवर आलेल्या यादीवरूनच पेटी मागवू लागली आहेत. अशा व्यवहारात यादी हाच माल पारखणारा डोळा होय. म्हणून तिच्यात जात, प्रत, तोडीचा दिवस, निव्वळ वजन आणि साठवणीचे दिवस या पाचही ओळी असल्या पाहिजेत, व त्या परस्परांशी जुळल्या पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरणार्थ एक यादी घेऊ : ‘बंगनपल्ली, प्रत पहिली, 5 किलो, साठवण 10 दिवस.’ वाचताना ती पुरेशी वाटते. परंतु हे दहा दिवस कोठून मोजावयाचे? समजा, फळ 20 मे रोजी उतरले आणि पेटी 25 तारखेस घरी आली. गृहिणी 4 जूनपर्यंत निश्चिंत राहील. वस्तुतः मुदत 30 मे रोजीच संपलेली असेल. शिवाय कच्चे व पिकलेले फळ यांत महदंतर आहे. तयार झालेले कच्चे फळ गवताच्या अढीत साधारणतः आठवड्याभरात पिकते. पिकल्यावर ते बाहेर दोनतीन दिवसांपेक्षा अधिक चांगले राहत नाही. तेच कच्चे फळ 12–13 अंशांच्या शीतगृहात दोनतीन आठवडे टिकते. मात्र त्याहून बरेच थंड ठेवल्यास साल काळवंडते व फळ नीट पिकत नाही. तात्पर्य, तोडीची तारीख, फळाची अवस्था आणि ठेवण्याची जागा सांगितल्यावाचून ‘10 दिवस’ या शब्दांना काही अर्थ नाही.

तोडीच्या तारखेचे दुसरेही महत्त्व आहे. हंगामाच्या आरंभी भाव चढा असतो, म्हणून कोवळी फळे उतरविण्याचा मोह होतो. पुरते तयार झालेल्या फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि देठ खळग्यात बसलेला दिसतो. ते पाण्यात बुडते. कोवळे फळ तरंगते, आणि अढीत पिकण्याऐवजी सुरकुतते. अशा फळास कॅल्शियम कार्बाईड लावून पिवळे करण्याची खोड जुनी आहे. कायद्याने त्यास बंदी आहे. त्याऐवजी पिकवण-खोलीत इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. परंतु इथिलीनही कोवळ्या फळास गोडी देऊ शकत नाही. वरून पिवळे आणि आतून कडक व आंबट फळ निघाले की दोष बहुधा तोडीचा असतो.

आता वजन. आंबा पिकताना त्यातील पाणी उडते. घट शेकडा आठ धरली, तर कच्चा भरलेला 5 किलो माल पिकल्यावर 4 किलो 600 ग्रॅमच भरेल. ही लबाडी नव्हे; परंतु ‘निव्वळ 5 किलो, कच्चा भरताना’ असे न लिहिल्यास ती लबाडीच वाटते, आणि विक्रेत्यास नाहक बोल लागतो. पेटी व गवत यांचे वजन अर्थातच त्यात धरू नये. प्रतीचेही तसेच. ‘पहिली’ या शब्दाबरोबर नग लिहावेत. पाच किलोत 12 नग म्हटले की प्रत्येक फळ चारशे ग्रॅमच्या आसपास असावे, हे कोणासही कळते. वरच्या थरात मोठी व खाली लहान फळे भरली असल्यास ते लगेच उघडकीस येते. जातीच्या बाबतीत एवढेच, की आपल्याकडे ज्यास बेनिशान म्हणतात तोच बंगनपल्ली. दोन नावांनी दोन भाव लावू नयेत.

आपल्या पुष्कळ घरांत आर्द्रा नक्षत्र लागताच, म्हणजे सुमारे 22 जूनपासून, आंबा वर्ज्य होतो. 18 जूनला उतरलेला कच्चा आंबा आर्द्रेपूर्वी पिकणे कठीण. 10 तारखेचा पिकून खाऊनही होईल. तारीख नसलेल्या यादीवर विसंबणाऱ्या कुटुंबाचे पैसे येथे अक्षरशः वाया जातात.

म्हणून आमची सूचना अशी : ‘बंगनपल्ली (बेनिशान); प्रत पहिली, 12 नग; तोड 20 मे; निव्वळ 5 किलो, कच्चा भरताना; अढीत 27 मेपर्यंत पिकेल, पुढे दोन दिवसांत संपवावा.’ साठवणीचे दिवस आकड्यात न देता तारखेत द्यावेत. आपल्या ज्या सभासदांच्या घरी किंवा दुकानी फळांचा व्यापार आहे, त्यांनी येत्या हंगामात एवढे लिहून पाहावे. आणि ज्या यादीत तोडीची तारीख नाही, त्या यादीवरून ग्राहकांनी पेटी मागवू नये.