पत्र्यावरचा ‘तुक्कु’ आणि एक पत्र

गणेशगुडीचे एक किराणा दुकानदार परवा कागद घेऊन आले. दुकानावर घातलेल्या रंगीत पत्र्यांना दोन वर्षांच्या आतच गंजाचे ठिपके पडले होते. बेळगावच्या पुरवठादाराला लिहिलेल्या त्यांच्या खर्ड्यात राग भरपूर होता, पण पत्र्याविषयी इतकेच, की ‘तुक्कु हिडिदिदे’. अशा पत्राला “तुमच्या फिटरला विचारा” असे उत्तर ठरलेले!

आणि ते नेहमीच खोटे असते असेही नाही. स्क्रू मारताना, ग्राइंडरने पत्रा कापताना लोखंडाचा बारीक कीस उडतो, रंगावर चिकटतो आणि पहिल्याच पावसात तपकिरी होतो. हे ठिपके स्क्रूभोवती आणि कापलेल्या कडेजवळ दिसतात. सुरुवातीलाच साबणाच्या पाण्याने पुसले तर निघतात आणि खालचा रंग शाबूत असतो. हा दोष पुरवठादाराचा नव्हे.

दुसऱ्या जातीचा गंज आतून येतो. रंगाच्या खाली पोलादावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर असतो. खरे रक्षण तोच करतो. रंगातून ओल हळूहळू झिरपतेच. हा थर पातळ असला की रंगाला फोड येतात, नखाने खरवडले की पापुद्रा सुटतो आणि खाली लाल गंज दिसतो.

म्हणून आधी छपराची पाहणी झाली. मग पत्र असे लिहिले:

“सप्रेम नमस्कार. डिसेंबर २०२३ मध्ये आपणांकडून ०.५० मिमी जाडीचे २४ पत्रे घेतले. बिलाची प्रत सोबत आहे. बिलावर ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लिहिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ७ पत्र्यांवर फोड व गंज दिसला. जागा स्क्रू आणि कडांपासून दूर, पत्र्याच्या मध्यावर आहेत. स्क्रूजवळचे डाग पुसून निघाले. त्यांची तक्रार नाही. सातही पत्र्यांच्या मागे छापलेला क्रमांक एकच आहे. फोटो जोडले आहेत. पंधरा दिवसांत आपला माणूस पाठवावा. त्याच्यासमोर तुकडा कापून थराचे वजन प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. थर कमी निघाल्यास पत्रे बदलून द्यावेत.”

वजनाची रीत सोपी आहे. तुकडा तोलतात, आम्लात थर विरघळवतात, पुन्हा तोलतात.

“तोवर वरून रंग मारू का?” त्यांनी विचारले. नको म्हटले, पुरावाच झाकला जाईल. पत्र रजिस्टर पोस्टाने धाडले, सोबत कन्नड प्रत. उत्तर न आल्यास २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे कारवारला जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. माल धंद्यासाठी घेतला, अशी हरकत समोरचा घेईल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच्या दुकानाला कायद्यात सवलत आहे, हे त्यांनी खिशातल्या वहीत टिपून घेतले.