वर्क परमिटला खंड पडला, तर ‘तुझे-माझे’ हिशेब कसे करायचे?

आमच्या ईडन प्रेरीत दोघेही नोकरी करणारी मराठी जोडपी बरीच आहेत. त्यांतल्या अनेकांची पद्धत सारखीच असते: त्याचं एक खातं, तिचं एक आणि घरखर्चाचं तिसरं जॉइंट खातं. दोघांचे पगार नियमित येतात तोवर ही पद्धत छान चालते. पण एच-४ व्हिसावर नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या बाबतीत ऑक्टोबर २०२५ मध्ये एक गोष्ट बदलली, आणि या मांडणीकडे पुन्हा बघणं मला गरजेचं वाटतं.

एच-४ वाल्यांना नोकरीसाठी ईएडी कार्ड लागतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत केला असेल, तर आधी ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळू शकायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही. मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, पण तोवर नवं कार्ड आलं नाही तर काम थांबतं आणि पगारही थांबतो.

आता आकडे मांडून बघू. समजा, त्याच्या हातात महिन्याला ६,००० डॉलर येतात आणि तिच्या ४,०००. घरखर्च ५,०००. पगाराच्या प्रमाणात तो ३,००० भरतो, ती २,०००. त्याच्याकडे ३,००० उरतात, तिच्याकडे २,०००. इथपर्यंत ठीक. मग तिचं कार्ड चार महिने अडकतं. बँकेतली ऑटो ट्रान्सफर मात्र चालूच राहते. तिच्या बचतीतून ८,००० डॉलर जातात, आणि त्याच काळात त्याच्या बचतीत १२,००० पडतात. भांडण कोणी केलेलं नसतं, पण व्हिसाच्या उशिराची किंमत एकटी तीच भरते.

उलट, दोघांचे पगार आधी जॉइंट खात्यात आले आणि खर्च जाऊन उरलेली रक्कम दोघांच्या खात्यांत समान वाटली, तर चांगल्या महिन्यात प्रत्येकी २,५०० आणि वाईट महिन्यात प्रत्येकी ५०० उरतात. झळ दोघांना सारखीच बसते.

मग स्वतंत्र खाती ठेवायचीच कशाला? कारण जॉइंट खात्यातली सगळी रक्कम दोघांपैकी कोणीही एकटा काढू शकतो. म्हणून तिथे दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढेच पैसे ठेवावेत, बाकीचे आपापल्या नावावर. फक्त एक फॉर्म विसरू नका. मिनेसोटात एक खातेदार गेला, तर जॉइंट खात्यातली शिल्लक सहसा थेट दुसऱ्याला मिळते. एकट्याच्या खात्याला ‘पे ऑन डेथ’ वारस लावलेला नसेल, तर ते पैसे मृत्यूनंतरच्या कायदेशीर प्रक्रियेत जातात.

कार्डाची तारीख जवळ आली असेल, तर अर्जाबरोबर ऑटो ट्रान्सफरही आजच तपासा.